आधी पीएफ मोजा, मग फंड विका

प्रश्न : नमस्कार. मी ५२ वर्षांचा, राहणार कारेलीबाग, बडोदा. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. बेसिक ८० हजार, ५८ व्या वर्षी रिटायर होईन. सात वर्षांपूर्वी ठरवलं होतं की निम्मे पैसे शेअरवाल्या फंडांत आणि निम्मे एफडीत ठेवायचे. महिना ३० हजारांची एसआयपी चालू राहिली, विम्याचे मॅच्युरिटीचे पैसेही फंडांतच टाकले. आज ४० लाखांचे ७२ लाख झालेत आणि एफडी फक्त १२ लाखांची आहे. म्हणजे ८६ टक्के शेअरमध्ये! ‘१०० वजा वय’ धरलं तर ४८ च हवेत. पीएफचे २८ लाख आणि पीपीएफचे ८ लाख आहेत, पण ते काय, हातात नसलेले पैसे. अडीअडचणीसाठी ३ लाख सेव्हिंगला वेगळे आहेत, कर्ज नाही. मित्र म्हणतो, अर्धे फंड आजच विकून टाक. मुलगा म्हणतो, बाबा, चालत्या गाडीला खीळ का घालता? टॅक्सचीही धास्ती वाटते. उत्तरायणाच्या सुट्टीत हा हिशोब मांडला आणि झोप उडाली. काय करू?

उत्तर : विका, पण अर्धे फंड नकोत. साधारण ६ लाखांचे विका, तेही दोन हप्त्यांत : ३ लाखांचे ३१ मार्चच्या आत आणि ३ लाखांचे १ एप्रिलनंतर. आणि पुढचं वर्षभर एसआयपीचे ३० हजार शेअरकडून सुरक्षित बाजूला वळवा. बाकीचं काम तुमचा पीएफ आपसूक करणार आहे. हे आकडे कुठून आले ते आता सविस्तर सांगतो, कारण पुढच्या वर्षी हाच हिशोब तुम्हाला माझ्याशिवाय करायचा आहे.

तुमची बेरीज पहिल्याच पायरीला चुकली आहे. पीएफ आणि पीपीएफ ‘हातात नसलेले’ म्हणून तुम्ही बाजूला काढलेत. पण ५८ नंतर घर कशावर चालणार? फंडांवर, एफडीवर, आणि याच पीएफवर. ज्या पैशांचं काम एक, ते एकाच पाटीवर लिहायचे. पीएफला २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी ८.२५ टक्के व्याज मिळालं, पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे, आणि बाजार पडला म्हणून यातला एक रुपयाही कमी होत नाही. सुरक्षित बाजू म्हणजे यापेक्षा वेगळं काय असतं? तेव्हा तुमची सुरक्षित बाजू १२ लाखांची नाही, ४८ लाखांची आहे. एकूण १२० लाख, त्यात शेअर ७२ लाख. म्हणजे ६० टक्के, ८६ नव्हे.

राहतं घर यात धरू नका. त्याची एक खोली विकून कोणी महिन्याचा किराणा भरत नाही. वहिनींचे दागिने धरू नका. सेव्हिंगचे ३ लाख तुम्ही वेगळे ठेवलेत ते बरोबरच आहे, तेही यात नकोत. आणि तुमच्या ७२ लाखांत एखादा हायब्रिड फंड असेल तर तो सगळा शेअरमध्ये लिहू नका. अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिड प्रकारात ६५ ते ८० टक्के शेअर आणि बाकी रोखे असतात, त्यामुळे त्याची रक्कम त्या प्रमाणात दोन्हीकडे वाटायची. फंडाच्या महिन्याच्या फॅक्टशीटवर त्याचं प्रमाण छापलेलं असतं.

आता ४८ टक्क्यांचं. ‘१०० वजा वय’ हे सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे, म्हणून ते चाललं. त्यामागचा विचार खरा आहे, पण तो वयाचा नाही, पुढच्या कमाईचा आहे. तिशीतल्या माणसाकडे जमा असतात ५ लाख आणि पुढे पगारातून पडायचे असतात कित्येक पट. बाजार निम्म्यावर आला तरी त्याचे बुडाले अडीच लाख, आणि पुढची २५ वर्षं तो स्वस्तात घेत राहतो. तुमचं गणित उलटं झालंय. एसआयपी आणि पीएफ मिळून तुम्ही वर्षाला पावणेसहा लाखांच्या आसपास टाकता. सहा वर्षांत तेही ३५ लाखांच्या आत, आणि जमा आहेत १२० लाख. आता पडझड झाली तर ती जमा पैशांवर पडते, आणि भरून काढायला पगार फार उरलेला नाही. वयाबरोबर शेअरचा हिस्सा कमी करायचा तो यासाठी.

पण किती कमी, यावर सूत्रांचं आपसांतही एकमत नाही. एनपीएस या पेन्शन योजनेत ‘ऑटो चॉइस’ घेतलं तर वयाप्रमाणे हिस्सा आपोआप बदलतो. तिथल्या एलसी-५० मध्ये ३५ व्या वर्षापर्यंत शेअर ५० टक्के असतात आणि ५५ व्या वर्षी १० वर येतात. एलसी-७५ मध्ये ७५ वरून १५ वर. तुमचं सूत्र त्याच ५५ व्या वर्षी ४५ म्हणतं. एकाच वयाला १०, १५ आणि ४५! यातलं कुठलंच चूक नाही, कारण एनपीएसचं खातं हा अनेकांच्या एकूण पैशांतला एक तुकडा असतो, आणि ‘१०० वजा वय’ला तुमच्याकडे पीएफ आहे की नाही हेच ठाऊक नसतं.

तुमच्यासाठी मी ५० धरतो. कर्ज नाही, पीएफ भक्कम आहे, नोकरीची सहा वर्षं बाकी आहेत, आणि सात वर्षांपूर्वी तुम्हीच स्वस्थ डोक्याने निम्मे-निम्मे ठरवलं होतं. पुढे दरवर्षी दीड-दोन टक्के उतरवत ५८ व्या वर्षी ४० वर यायचं. रिटायर होण्याच्या आगेमागेची दोन-तीन वर्षं सगळ्यात नाजूक. त्याच काळात बाजार कोसळला आणि घरखर्चासाठी पडलेल्या भावात युनिट विकावी लागली, तर पुढे बाजार वर आला तरी ती युनिट तुमच्याकडे नसतात. ४० च्या खाली मात्र घाईने जाऊ नका. ५८ नंतर पंचवीस-तीस वर्षं काढायची असतात, आणि महागाईशी एफडीची बरोबरी होतेच असं नाही, त्यातून व्याजावर कर. शिवाय निवृत्तीला ग्रॅच्युइटी येईल. तुमच्या बेसिकवर, नोकरीची वर्षं २५ धरली, तर ती साडेअकरा लाखांच्या घरात जाते. ती थेट सुरक्षित बाजूला पडली की ४० पर्यंतची शेवटची पायरी फारसं न विकता उतरता येते.

तर लक्ष्य ५०, आजचं प्रमाण ६०. दोन-तीन टक्क्यांची वर-खाल बाजार महिन्याभरात करतो, तिच्यामागे धावलात तर नुसता कर भराल. माझा ठोकताळा पाच टक्क्यांचा आहे : शेअर ४५ ते ५५ च्या मध्ये असतील तर हात लावायचा नाही, बाहेर गेले तर लावायचा. तुम्ही पूर्ण दहाने बाहेर आहात, म्हणून काहीतरी करणं भाग आहे.

चिरंजीवांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. बाजार सलग वर जात राहिला तर दरवेळी शेअर विकून एफडीत टाकणारा माणूस मागे पडतो, हे साधं गणित आहे. रीबॅलन्सिंगने, म्हणजे बिघडलेलं प्रमाण पुन्हा जागेवर आणल्याने, परतावा वाढतो असं कोणी खात्रीने सांगत असेल तर ऐकू नका. आपण यात विकत घेतो ते पडझडीचं मोजमाप. जानेवारी २०२० च्या मध्यावर निफ्टी १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला तो ७,६१० वर बंद झाला. दोन महिन्यांत ३८ टक्के. २००८ मध्ये जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली होता. तुमच्या आजच्या ७२ लाखांवर ४० टक्क्यांची घसरण म्हणजे २८ लाख ८० हजार. प्रमाण ५० असतं तर तीच घसरण २४ लाखांची. फरक ४ लाख ८० हजारांचा, म्हणजे तुमच्या १६ महिन्यांच्या एसआयपीचा. मुलाला हा फरक किरकोळ वाटेल, आणि त्याच्या वयात तो आहेही. तुमच्यापुढे सहाच वर्षं आहेत.

आता ६० वरून ५० वर यायचं कसं. १२० लाखांचे १० टक्के म्हणजे १२ लाख जास्तीचे आहेत. बहुतेक लोक इथेच १२ लाखांची विक्री टाकून मोकळे होतात. थांबा. तुमच्या सुरक्षित बाजूला वर्षभरात आपोआप काय जमणार आहे ते आधी पाहू.

पगाराची स्लिप काढा. बेसिक ८० हजार, म्हणजे तुमचे १२ टक्के ९,६०० रुपये. कंपनीचेही ९,६००, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात, म्हणून पीएफला ८,३५०. मिळून १७,९५०, वर्षाला सव्वादोन लाखांच्या थोडे आत. २८ लाखांवर ८.२५ टक्क्यांनी व्याज २ लाख ३१ हजार. पीपीएफचं व्याज ५७ हजार. एफडीचं ८० हजार धरू. आणि एसआयपीचे ३० हजार वर्षभर इकडे वळवले तर ३ लाख ६० हजार. सगळं मिळून सुमारे ९ लाख ४० हजार, एकही युनिट न विकता आणि भांडवली नफ्यावर एक रुपया कर न भरता.

बाजार जागेवर राहिला तर वर्षाने शेअर ७२, सुरक्षित ५७.४, म्हणजे प्रमाण साडेपंचावन्न. जवळजवळ ४५ ते ५५ च्या पट्ट्यात. पण बाजार दहा टक्के चढला तर ५८ वरच अडकाल, आणि तोवर वर्षभर जास्तीची जोखीम डोक्यावर राहील. म्हणून थोडं विकणं मला योग्य वाटतं : पट्ट्याच्या काठापर्यंत यायला लागतं तेवढं, ६ लाख. विकल्यावर शेअर ६६, सुरक्षित ५४, प्रमाण ५५. त्यावर वर्षभराची आवक धरली आणि बाजार स्थिर राहिला, तर पुढच्या जानेवारीत तुम्ही ५१ च्या आसपास असाल. बाजार दहा टक्के चढला तरी ५३. वीस टक्के पडला तर ४५, आणि मग एसआयपी पुन्हा शेअरकडे वळवायची. तिन्हीतलं काहीही झालं तरी झोप उडण्यासारखं काही उरत नाही.

कर किती? २३ जुलै २०२४ पासून शेअरवाल्या फंडांवर, १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या युनिटच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. आर्थिक वर्षातला पहिला सव्वा लाखाचा नफा करमुक्त. लक्षात घ्या, कर विकलेल्या रकमेवर नाही, तिच्यातल्या नफ्यावर. तुमचा सरासरी नफा ७२ लाखांत ३२ लाख, म्हणजे ४४ टक्के. पण फोलिओतून विकताना जी युनिट आधी घेतली ती आधी विकली जातात, आणि सात वर्षांपूर्वीची युनिट स्वस्तातली असल्यामुळे त्यांत नफा जास्त. म्हणून मी ५० टक्के धरतो. तुमचा नेमका आकडा फंडांचे हिशोब ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या कॅपिटल गेन स्टेटमेंटवरून काढता येईल.

३ लाखांची विक्री ३१ मार्चच्या आत केलीत : नफा दीड लाख, त्यातला सव्वा लाख माफ, उरले २५ हजार, त्यावर कर आणि ४ टक्के सेस मिळून ३,२५० रुपये. १ एप्रिलनंतरच्या ३ लाखांवर तेवढाच. एकूण ६,५००. हेच ६ लाख एका दिवशी विकलेत तर २२,७५०. आणि मित्राचं ऐकून ३६ लाखांचे फंड आज विकलेत, तर नफा १८ लाख आणि कर २ लाख १७ हजारांवर. वर शेअर उरतील ३० टक्के, म्हणजे ठरवलेल्या प्रमाणाच्या वीस टक्के खाली. मग वर्षभरात बाजार चढला की हळहळत पुन्हा फंड घ्यायला जाल. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत या गोष्टीची पुनरावृत्ती इतकी असते की पुढची ओळ मी न वाचता सांगू शकतो.

मार्चची विक्री शेवटच्या दिवसावर ढकलू नका. २० तारखेपर्यंत अर्ज टाका, म्हणजे सुट्ट्या आणि बंद सर्व्हर यांच्या भानगडीत एप्रिलची तारीख लागणार नाही. कुठला फंड विकायचा? सगळ्यात जास्त फुगलेला. मिड-कॅप, स्मॉल-कॅप असतील तर तिथून सुरुवात करा, कारण एकूण प्रमाण बिघडलं असताना आतलं प्रमाणही सहसा तिथेच बिघडलेलं असतं.

चार ठिकाणी लोक अडकतात, ती सांगून ठेवतो. एक, फंडाच्या अ‍ॅपवर ‘स्विच’चं बटण असतं. शेअर फंडातून त्याच कंपनीच्या लिक्विड फंडात स्विच केलं की पैसे बँकेत येत नाहीत, म्हणून लोक कर नाही असं समजतात. आयकराच्या दृष्टीने ती पूर्ण विक्रीच आहे. (एनपीएसच्या आतल्या आत शेअरमधून रोख्यांत जाणं मात्र करमुक्त आहे. तुमचा एनपीएस नाही, पण ज्या वाचकांचा आहे त्यांनी रीबॅलन्सिंगची सुरुवात तिथून करावी.) दोन, १२ महिन्यांच्या आतल्या युनिटवर कर २० टक्के लागतो, आणि बऱ्याच फंडांत लवकर विकल्याबद्दल १ टक्का एक्झिट लोडही. जुन्या फोलिओत जुनी युनिट आधी जात असल्यामुळे तुम्हाला याची अडचण येऊ नये, पण गेल्या वर्षी नवा फंड घेतला असेल तर त्याला हात लावू नका. तीन, कर वाचवायला घेतलेल्या ईएलएसएस फंडाच्या प्रत्येक हप्त्याला, विकण्याआधी, स्वतःची तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. चार, ‘बायकोच्या नावावर करतो, तिलाही सव्वा लाख माफ आहेत’ ही युक्ती. तुम्ही दिलेल्या पैशांवरचा नफा कायद्याने तुमच्याच उत्पन्नात मोजला जातो. वहिनींच्या स्वतःच्या कमाईचे फंड असतील तर गोष्ट वेगळी.

विकून आलेले ६ लाख आणि वळवलेली एसआयपी ठेवायची कुठे, इथे जरा खोलात जायला हवं. पीएफ सुरक्षित आहे हे खरं, पण तो हलत नाही, हेही खरं. रीबॅलन्सिंग दोन्ही दिशांनी करायचं असतं. आज शेअरकडून इकडे आणतोय, उद्या बाजार पडला तर इकडून शेअरकडे न्यावे लागतील, आणि त्या वेळी पीएफमधून पैसे काढून फंड घेणं तुम्हाला जमणार नाही, जमलं तरी करू नये. म्हणून सुरक्षित बाजूचे दोन भाग डोक्यात ठेवा : बसलेला आणि हलणारा. तुमचा बसलेला भाग ३६ लाख, पीएफ आणि पीपीएफचा. हलणारा म्हणजे एफडीचे १२ आणि आता येणारे ६, मिळून १८ लाख.

पुरतील का, ते तपासू. बाजार ४० टक्के पडला असं धरा. ६६ लाखांचे ३९.६ होतील, सुरक्षित ५४ तसेच, एकूण ९३.६. निम्मे म्हणजे ४६.८, तेव्हा ७ लाख २० हजार इकडून तिकडे न्यावे लागतील. २००८ सारखी ६० टक्क्यांची पडझड धरली तर १३ लाख ८० हजार. १८ लाखांत दोन्ही बसतात. हे ६ लाख बसलेल्या भागात टाकून हलणारे १२ लाखच ठेवले असते, तर दुसऱ्या प्रसंगी तुम्ही कमी पडला असतात. पडझडीत हे एका दिवशी करायचं नाही. पट्टा तुटला की तीन महिन्यांत तीन हप्ते करून न्यायचे, कारण तळ कुठे आहे हे त्या वेळी कोणालाच दिसत नसतं.

म्हणून नवे ६ लाख एका मोठ्या पाच वर्षांच्या एफडीत अडकवू नका. सगळ्या १८ लाखांच्या तीन-तीन लाखांच्या सहा पावत्या करा, एकीची मुदत संपली की दोन-तीन महिन्यांनी पुढची संपेल अशा. मोडावी लागली तर एकच मोडेल, आणि मुदतीआधी मोडण्याचा दंड, जो बँका बहुधा अर्धा ते एक टक्का व्याज कापून घेतात, तो तेवढ्यावरच बसेल. यातल्या एक-दोन पावत्यांऐवजी लिक्विड फंडही चालेल. एक फरक ध्यानात ठेवा : १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा, आणि लिक्विड फंड त्यातलाच, नफा कितीही वर्षांनी काढला तरी तुमच्या स्लॅबप्रमाणे करपात्र आहे. करापुरती पूर्वीची गंमत संपली. फायदा इतकाच की विकेपर्यंत कर लागत नाही, आणि एफडीवर दरवर्षी लागतो.

वळवलेले ३० हजार मात्र सगळेच हलणाऱ्या भागात नकोत. पीएफमध्ये तुमचा स्वतःचा भरणा वर्षाला अडीच लाखांपर्यंत असेल तर त्यावरचं व्याज करमुक्त आहे. तुमचे आत्ता १ लाख १५ हजार होतात. म्हणजे महिना ११ हजारांची जागा शिल्लक आहे. एचआरकडे व्हीपीएफचा, म्हणजे पीएफमध्ये स्वखुशीने जास्त भरण्याचा, फॉर्म मागा. बऱ्याच कंपन्या तो एप्रिलमध्येच बदलू देतात, त्यामुळे आत्ताच विचारून ठेवा. ११ हजार तिथे आणि १९ हजार रिकरिंगला किंवा लिक्विड फंडात, अशी वाटणी करा. जोडीला एसआयपी ‘बंद’ करण्याऐवजी अ‍ॅपवर ‘पॉज’ मिळतो का बघा. पण पॉज सहसा काही महिन्यांचाच असतो आणि मुदत संपली की हप्ता गुपचूप पुन्हा कापला जातो, तेव्हा मोबाइलमध्ये आठवण लावा.

तपासणी वर्षातून एकदा पुरे. तुम्ही उत्तरायणात हिशोब मांडलात, तेच दिवस पक्के करून टाका. जानेवारी सोयीचा आहे, कारण विकायची वेळ आलीच तर ३१ मार्चच्या दोन्ही बाजू वापरायला मिळतात. एका कागदावर चार आकडे : फंडांची किंमत, एफडी आणि इतर, पीएफ पासबुकातली शिल्लक, पीपीएफ. पीएफचं व्याज पासबुकात बऱ्याचदा उशिरा दिसतं, तेव्हा शिल्लक कमी वाटली तर घाबरू नका, व्याज हाताने मिळवा. बेरीज, भागाकार, आणि शेजारी त्या वर्षीचं लक्ष्य : यंदा ५०, पुढच्या वर्षी ४८, ५८ ला ४०. फरक पाचच्या आत असेल तर कागद फाइलला लावून पतंग उडवायला जा. मधल्या काळात फक्त एकाच प्रसंगी हिशोब पुन्हा काढायचा : बाजार वीस टक्क्यांहून जास्त पडल्याच्या बातम्या सुरू झाल्या तर.

आत्ता करायचं काम इतकंच : या आठवड्यात कॅपिटल गेन स्टेटमेंट मागवा, मार्चच्या २० तारखेआधी पहिली ३ लाखांची विक्री टाका, आणि एचआरला व्हीपीएफचं विचारा. स्टेटमेंटमध्ये जुन्या युनिटचा नफा ५० टक्क्यांपेक्षा बराच जास्त निघाला, म्हणजे साठ-पासष्ट, तर मार्चची विक्री ३ ऐवजी २ लाखांची करा. एप्रिलमध्येही २ लाखांचीच करून उरलेले २ लाख त्याच्या पुढच्या एप्रिलवर सोडा. प्रमाण एक-दीड टक्का उशिरा जागेवर येईल, बिघडणार काही नाही.